गढूळ कृष्णा, दोन बरण्या आणि साठ मुलं

"सर, मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नवीन कनिष्ठ अभियंता आहे. आमचं फिल्टर हाऊस कृष्णेवर आहे, रोजचं साधारण १ कोटी लिटर पाणी. जुलैत सहावीची साठ मुलं बघायला येणार आहेत आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वर्षीची मुलं पंप बघून कंटाळली होती म्हणे. नदीचं पाणी स्वच्छ कसं होतं ते त्यांना कळेल अशी बोलायची स्क्रिप्ट द्याल का?"

जुलै मिळाला हे तुमचं नशीब. एप्रिलमध्ये नदीचं पाणी आधीच इतकं नितळ असतं की मुलं विचारतात, "मग हे सगळं कशाला?" जुलैत कृष्णा चहाच्या रंगाची असते आणि अर्धं काम तीच करते.

दोन गोष्टी आधी ठरवून टाका. साठ मुलं एकदम नेऊ नका, वीस-वीसचे तीन गट करा आणि प्रत्येक गटामागे एक शिक्षक आणि आपला एक माणूस ठेवा. क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ खाली बसवायच्या मोठ्या हौदाच्या, पुलावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे रेलिंगपाशी वीसपेक्षा जास्त मुलं सांभाळता येत नाहीत. आणि आदल्या दिवशी ऑपरेटरला सांगून ठेवा की धुवायला आलेला एक फिल्टर बेड मुलांसाठी राखून ठेव. बेड धुताना बघणं हा या भेटीतला सगळ्यात मोठा तमाशा आहे आणि तो चुकला तर मुलांना फक्त पाण्याने भरलेले हौद दिसतात.

खाली अवतरणात आहे ते मुलांशी बोलायचं, बाकीचं तुमच्यासाठी.

जॅकवेलपासून, म्हणजे नदीचं पाणी जिथून उचलतो त्या विहिरीपासून, सुरुवात करायचा मोह टाळा. तिथे आवाज असतो आणि दिसत काहीच नाही. प्रयोगशाळेच्या ओट्यावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या ठेवा, त्याच सकाळी नदीतून उचललेलं पाणी दोन्हींत भरा आणि तिथूनच बोलायला लागा.

"मुलांनो, हे आज सकाळचं कृष्णेचं पाणी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून, कऱ्हाडला कोयनेला घेऊन, वाटेतली शेतं धुऊन ते इथवर आलंय. नदीतून उचलताना तोंडाशी जाळी असते, त्यामुळे मासे, फांद्या, पिशव्या आत येत नाहीत. पण माती येते. मला सांगा, ही माती काढायची असेल तर काय कराल?"

कोणीतरी हमखास म्हणतं, "फडक्याने गाळू." गाळायला द्या. धुतलेलं दुपदरी फडकं तयार ठेवा. गाळलेलं पाणीही तसंच गढूळ निघतं आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग दुसरं मूल म्हणतं, "ठेवून देऊ, माती खाली बसेल."

"बरोबर, बसेल. पण किती वेळात? वाळूचा बारीक कण एक मीटर पाण्यातून दोन-एक मिनिटांत खाली जातो. या पाण्याला रंग देणारे मातीचे कण त्याच्या शंभरावा भाग असतात. तसा एक कण अगदी न हलणाऱ्या पाण्यात एक मीटर खाली जायला दहा-बारा दिवस घेतो. गावाला उद्या सकाळी पाणी हवंय. शिवाय पाणी कधीच अगदी न हलणारं नसतं. ऊन लागलं, वारा आला की कण परत वर."

आता एका बरणीत तुरटीचं पाणी घाला. मुलांसमोर मोजायला सोपं पडावं म्हणून आदल्या दिवशी १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवा. त्या द्रावणाचा १ मिलिलिटर १ लिटर गढूळ पाण्यात टाकला की १० मिलिग्रॅमचा डोस झाला. त्या दिवशी प्लांटवर जो डोस चालू आहे तोच घाला, उगाच दुप्पट करू नका. एक मिनिट जोरात ढवळा, मग एका मुलाच्या हातात काचेची कांडी द्या आणि सांगा, "आता अगदी हळू, बाळाला झोपवताना पाळणा हलवतात तसं." दुसऱ्या बरणीत काही घालायचं नाही, नुसती ठेवून द्यायची. पंधरा मिनिटं ढवळून झालं की बरण्या तिथेच ठेवून बाहेर पडा. परत येईपर्यंत निकाल लागलेला असेल.

ढवळणं चालू असताना बाकीच्यांना अंगणात घ्या. हा खेळ मी कित्येक वर्षं खेळवला आहे आणि मला वाटतं संपूर्ण फिल्टर हाऊस त्यात येतं.

"तुम्ही सगळे मातीचे कण. प्रत्येक कणावर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे दोन कण जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात. तेव्हा हात छातीसमोर धरा, फिरत राहा आणि कोणी जवळ आलं की बाजूला व्हा. बघा, गट होतोय का? नाही होत. म्हणून गाळ बसत नाही. आता हे चौघं पिवळी पट्टी बांधून आलेत, ते म्हणजे तुरटी. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा भार मातीच्या उलट असतो. त्यांनी हात धरला की लोटालोटी बंद. धरा हात, त्यांच्या शेजारच्याचाही धरा. झाला पुंजका! एकटा कण हलका असतो, पुंजका जड, आणि जड झाला की तो खाली बसतो."

मग सांगा, "आता हात न सोडता पळा." साखळी लगेच तुटते. हीच गोष्ट पुढे लागते: तुरटी पाण्यात पटकन, जोरात मिसळायची, पण पुंजके धरायला लागले की हळू ढवळायचं, नाहीतर ते तुटतात. आपण त्यांना फ्लॉक म्हणतो. मुलांपुढे पुंजकाच म्हणा. घरी आजीने माठात तुरटी फिरवलेली किंवा निवळीचं बी माठाच्या आतून घासलेलं कोणी पाहिलं आहे का, तेही विचारा. खेड्यातून येणारी एक-दोन मुलं नक्की हात वर करतात, आणि त्या बीला "निवळी" का म्हणतात ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्लांटकडे चला. कारंजापाशी (तुमच्याकडे पायऱ्यांचं आहे ना?) फार थांबू नका. "पाण्याला हवा लागते, कोंदट वास जातो" एवढं पुरे. फ्लॅश मिक्सरपाशी आत वाकून बघू देऊ नका. तिथे तुरटी मिसळते एवढं सांगून थेट क्लॅरिफायरच्या पुलावर जा.

"मगाशी बरणीत जे केलं तेच इथे मोठ्या हौदात चाललंय. मधल्या गोलात पाती हळूहळू फिरतायत, तिथे पुंजके धरतात. बाहेरच्या मोठ्या गोलात पाणी जवळजवळ थांबल्यासारखं असतं. तिथे दोन-अडीच तासांत पुंजके तळाला बसतात आणि वरचं निवळलेलं पाणी कडेच्या दातेरी पट्टीवरून पन्हाळीत पडतं. हा पूल फिरतोय, दिसतोय का? नीट बघा, मुंगीपेक्षा हळू आहे. त्याच्याखाली एक खरवडणी आहे, ती तळाचा गाळ मध्ये ढकलते आणि तिथून तो पाइपने बाहेर जातो."

इथे मुलांना हिशेब घालायचा. सहावीला गुणाकार येतो, आणि आकडा स्वतः काढला की तो लक्षात राहतो.

"आज एका लिटरला ४० मिलिग्रॅम तुरटी चालू आहे. म्हणजे चिमटीचाही छोटा भाग. आपण रोज १ कोटी लिटर पाणी करतो. गुणा. ४० कोटी मिलिग्रॅम. हजाराने भागा, ४ लाख ग्रॅम. परत हजाराने, ४०० किलो. पन्नास किलोच्या किती गोण्या? आठ. उन्हाळ्यात नदी नितळ असते तेव्हा दोन-तीन गोण्यांत भागतं."

लगेच पुढचा प्रश्न येतो: "काका, आज ४०च हवी हे कसं कळलं?" प्रश्न आला नाही तर तुम्हीच काढा, कारण आपल्या कामातली खरी अक्कल इथे लागते. त्यांना जार टेस्टचं यंत्र दाखवा.

"सहा भांडी, सहाही भांड्यांत आजचं नदीचं पाणी. पहिल्यात १० मिलिग्रॅम, दुसऱ्यात २०, असं करत सहाव्यात ६०. सहाही सारखं ढवळायचं, सारखा वेळ ठेवायचं आणि बघायचं. १० आणि २० मध्ये गढूळच राहिलं. ३० मध्ये पुंजके आले पण बारीक, तरंगत राहिले. ४० मध्ये टपोरे आले आणि सरळ खाली बसले. ५० आणि ६० मध्येही निवळलं, पण ४० पेक्षा चांगलं नाही. मग जास्त का घालायची? ४० घेतली. नदीचं पाणी बदललं की हे परत करायचं. पुराच्या दिवसांत आम्ही दिवसातून तीन-चार वेळाही करतो."

तुम्हाला आतलं एक सांगतो, मुलांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगतो, कारण चूक ऐकायला मुलांचे कान टवकारतात. नोकरीच्या सुरुवातीला मी एका गावाच्या प्लांटवर होतो. जूनचा पहिला पूर रात्री आला. संध्याकाळी नदी बरी होती, म्हणून डोस उन्हाळ्याचाच चालू राहिला. पहाटे गेलो तर क्लॅरिफायरमध्ये पुंजके नाहीतच, पाणी दुधाळ तपकिरी तसंच पुढे फिल्टरवर. एरवी दिवसाकाठी एकदा धुवावा लागणारा बेड चार तासांत तुंबत होता. घाबरून आम्ही तुरटी भसाभस वाढवली आणि पाणी आणखी बिघडलं. कारण पुराचं पाणी म्हणजे बरंचसं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. तुरटीला पुंजके धरायला पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आंबटपणा सोसायची ताकद, लागते. ती संपली की सामू घसरतो, पाणी आंबट होतं आणि कितीही तुरटी ओतली तरी पुंजके नीट धरत नाहीत. शेवटी चुना घातला, सामू वर आणला, जार टेस्ट केली आणि दुपारी पाणी निवळायला लागलं. तेव्हापासून पहिल्या पुराच्या रात्री मी जार टेस्ट झाल्याशिवाय झोपलो नाही. मुलांसाठी याचं एक वाक्य होतं: "कमी घातली तर निवळत नाही आणि जास्त घातली तरी निवळत नाही."

आता फिल्टर. इथे मुलांची एक पक्की समजूत मोडायची असते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांचीही.

"या हौदात खाली गोटे, त्यावर खडी आणि वर साधारण ७५ सेंटिमीटर वाळू आहे. पाणी वरून खाली जातं. तुम्हाला वाटेल ही चाळणी आहे. पण गव्हाच्या चाळणीतून रवा खाली पडतो की नाही? वाळूच्या दोन कणांमधली फट आपल्याला बारीक दिसते, पण मातीच्या कणाला ती म्हणजे वाड्याचा दरवाजा. मग वाळू अडवते कसं? तर तुरटीने चिकट झालेले, खाली बसायचे राहिलेले बारीक पुंजके वाळूच्या कणांना चिकटतात. तुरटी न घालता गढूळ पाणी यावर सोडलं तर बरीचशी माती आरपार जाईल. मगाशी फडक्यातून गेली तशीच."

बोलून झालं की ऑपरेटरला खूण करा. आधी हवा सोडतात. संथ पाणी भाताच्या आधणासारखं खदखदायला लागतं आणि मुलं ओरडतात. ओरडू द्या. मग खालून वर उलटं पाणी सोडलं की वाळू फुलते, कणाला कण घासतो आणि चिकटलेला गाळ सुटून पन्हाळ्यांतून ओसंडतो. सुरुवातीला ते पाणी पार चॉकलेटी असतं. मुलांना पाणी निवळेपर्यंत मोठ्याने मिनिटं मोजायला लावा, साधारण दहा लागतात. बघता बघता वाळू दिसायला लागते. "बेड धुवायला आला हे कसं कळतं?" असं कोणी विचारलं तर पाण्याची पातळी दाखवा: गाळ साठला की पाणी खाली उतरायला कष्ट पडतात, वर पाणी चढत जातं, आणि ठरलेल्या खुणेला पोचलं की धुवायचं. त्याआधीच खालून येणारं पाणी गढूळ दिसायला लागलं तर खुणेची वाट बघायची नाही.

(हवा कमी पडत असेल तर गाळ आणि वाळूचे गोळे होतात आणि बेडला भेगा पडतात. मुलं यायच्या आधी तुमचे बेड एकदा कोरडे करून बघून घ्या. भेटीसाठी नाही, तुमच्यासाठी.)

यानंतर फिल्टरखालचं पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि उजेडासमोर न्या. आरशासारखं.

"कोण पिणार?"

दहा हात वर येतात. ग्लास कोणाच्याही हातात देऊ नका.

"मी पण नाही पिणार. कारण यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मातीचा कण दिसत नव्हता, पण लाखो मिळून रंग तरी देत होते. कॉलराचे, टायफॉइडचे जंतू पाण्याला रंगही देत नाहीत. पुंजक्यांबरोबर पुष्कळसे निघून गेले, पण थोडे उरलेच असतील आणि आजारी पडायला तेवढे पुरतात. म्हणून आता क्लोरीन. ज्या पावडरीचा वास तुम्हाला विहिरीत किंवा पोहायच्या तलावात येतो, त्याच घराण्यातला. अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ मध्ये गावभराच्या पाण्यात तो रोज घालायला सुरुवात झाली आणि मग जगभर पसरला. इथे १ लिटरला साधारण २ मिलिग्रॅम जातो. तुमच्या मगाशीच्या हिशेबाने दिवसाला किती? वीस किलो. तो टाकीत अर्धा तास तरी पाण्याबरोबर राहतो आणि जंतू मारतो."

क्लोरीनच्या खोलीत मुलांना नेऊ नका, दारातही नको. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, आणि जमिनीच्या सर्वांत जवळ मुलांचीच नाकं असतात. खिडकीबाहेरून सिलिंडर दाखवा, आणि शेजारी अमोनियाची बाटली का ठेवलीय ते सांगा: गळती असेल तर तिची वाफ जवळ नेताच पांढरा धूर दिसतो. एवढं मुलांना पुरतं.

मग खरी गंमत ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या चाचणीची. ग्रामपंचायतीत पाणी तपासताना काहींनी ती पाहिलेली असते. द्रावण तुम्हीच टाका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते अंगाला चांगलं नाही. फिल्टरखालच्या पाण्यात थेंब टाकले की काही होत नाही. क्लोरीन घातलेल्या पाण्यात टाकले की पिवळं होतं.

"पिवळं झालं म्हणजे क्लोरीन जंतूंशी लढून झाल्यावरही थोडा उरलाय. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर तुमच्या घरापर्यंत जाणारा पहारेकरी. पाइप कुठे फुटला, गटाराचं पाणी शिरलं, तर तिथे तो लागतो. म्हणून तुमच्या नळाला १ लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक हवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा थोडा वास आला तर तक्रार करू नका. ज्या दिवशी अजिबात पिवळं होत नाही, त्या दिवशी आम्हाला फोन करा."

इथे एखादं हुशार मूल विचारतं, "मग जास्तच टाकायचा ना!" उत्तर द्या: "नदीत सांडपाणी जास्त असेल तर तेच आधी क्लोरीन खाऊन टाकतं, तेव्हा आम्हाला वाढवावाच लागतो. पण उगाच वाढवला तर चव बिघडते, लोक नळाचं सोडून दुसरंच कुठलं तरी पाणी पितात, आणि तिथे पहारेकरी नसतो."

दुसरा हमखास प्रश्न: "असं समुद्राचं पाणी पण गोड करता येईल का?" उलट विचारा, मीठ घातलेलं पाणी फडक्याने गाळलं तर खारट लागेल की नाही? लागेल. "तुरटी, वाळू आणि क्लोरीन, तिघांनाही विरघळलेलं काही धरता येत नाही. शेतातून आलेली खतं, साबण, कारखान्याची रसायनं पाण्यात विरघळली असतील तर त्यातली बरीच या प्लांटमधून जशीच्या तशी पुढे जातात." हे बोलायला संकोचू नका. आपला प्लांट काय करत नाही हे मुलांना आपल्याच तोंडून कळलेलं बरं.

शेवटी परत ओट्यापाशी या. एव्हाना तुरटीच्या बरणीत तळाला बोटभर गाळ आणि वर पाणी असेल, आणि शेजारची बरणी सकाळी होती तशीच चहाच्या रंगाची. काही बोलू नका, मुलं आपापसात बोलतात. बिनतुरटीच्या बरणीला घट्ट झाकण लावा, तारीख टाकून चिकटपट्टी लावा, "पिण्यासाठी नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि बाईंच्या हवाली करा. वर्गाच्या खिडकीत ठेवायची, हलवायची नाही. आठ दिवसांनी फोन करून विचारा, अजून गढूळ आहे का.